मंगळसूत्राच्या वाटीवरचे ठसे, धूळ आणि नको ती प्रतिबिंबं काढायची, पण चमक ठेवायची



दागिन्यांच्या फोटोवरच्या व्हिडिओखाली एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "सर, फोटो एडिट केला की डाग जातात, पण दागिना प्लॅस्टिकचा दिसायला लागतो. काय करू?" आमच्या बॅचमधल्या एका ताईंना तर ग्राहकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ विचारलं होतं, "ही वाटी मेटलचीच आहे ना?" माल चांगला होता. वन ग्रॅम गोल्डचं मंगळसूत्र, पॉलिश उत्तम. पण त्यांनी फोटोवर स्मूथ करणारा फिल्टर फिरवला होता आणि त्या फिल्टरने बोटांच्या ठशांबरोबर चमकही पुसून टाकली होती.

व्हिडिओत हा भाग दाखवायला वेळ पुरत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. उदाहरण एकच घेऊ : दोन वाट्या आणि काळ्या मण्यांची पोत. मुद्दाम हेच घेतलं, कारण ठसे, धूळ आणि प्रतिबिंब हे तिन्ही त्रास यात एकत्र येतात. वाटी गुळगुळीत आणि फुगीर, म्हणजे छोटा बहिर्गोल आरसाच. तिच्यात अख्खी खोली दिसते. आणि काळ्या मण्यांवर पांढरी धूळ जितकी उठून दिसते तितकी दुसऱ्या कशावरच दिसत नाही. हे जमलं की ठुशी, बोरमाळ, पाटल्या सोप्या वाटतील.

आधी ओळखा : हा डाग आहे की चमक?

सगळा घोळ इथे होतो. धातूची चमक म्हणजे धातूला स्वतःचा उजेड असतो असं नाही. ती खिडकीचं किंवा दिव्याचंच प्रतिबिंब असते. म्हणजे चमक हे प्रतिबिंब, आणि तुमच्या फोनची काळी आकृती हेही प्रतिबिंबच. एक हवंय, दुसरं नकोय. धुळीचा कण हा बारीक पांढरा ठिपका, आणि मण्यावरची चमक हाही बारीक पांढरा ठिपकाच. फिल्टरला यातला फरक कळत नाही. त्याला सांगितलं की ठिपके काढ, तो दोन्ही काढतो. Photopea मधला Dust & Scratches नावाचा फिल्टर काळ्या मण्यांवर लावून बघा. धूळ जाईल आणि मणी कोळशासारखे मेलेले दिसतील.

मग आपण कसं ओळखायचं? दोन साध्या युक्त्या आहेत, आणि दोन्हींना पैसे लागत नाहीत.

पहिली मण्यांसाठी. गोल मण्यावर खिडकीची चमक प्रत्येक मण्यावर एकाच जागी पडते. घड्याळाच्या काट्यांसारखं बघा. खिडकी डावीकडे वर असेल तर प्रत्येक मण्यावर दहा वाजताच्या जागी पांढरा ठिपका दिसेल. पोत वळली तरी ठिपका दहाच्या जागीच राहतो, कारण मणी गोल आहे आणि खिडकी हलत नाहीये. आता एखाद्याच मण्यावर चारच्या जागी ठिपका असेल, तर ती धूळ. आणि सगळ्याच मण्यांवर दोनच्या जागी दुसरा ठिपका असेल, तर ती धूळ नाही. खोलीत कुठेतरी ट्यूबलाइट चालू राहिली आहे. ती एडिटिंगमध्ये काढत बसू नका, बटण बंद करून पुन्हा फोटो घ्या. (हे गोल मण्यांपुरतं. कटिंगच्या मण्यांना पैलू असतात, त्यांच्यावर ठिपके कुठेही पडतात.)

दुसरी युक्ती वाटीसाठी. वाटी जागच्या जागी थोडी गोल फिरवा आणि आधीच्याच ठिकाणाहून दुसरा फोटो घ्या. बोटाचा ठसा, ओरखडा, धूळ वाटीबरोबर फिरतात. प्रतिबिंब आहे तिथेच राहतं. वाटीच्या डाव्या कडेला एक मळकट पट्टा दिसत असेल आणि वाटी फिरवल्यावरही तो डावीकडेच राहिला, तर कितीही पुसलंत तरी जाणार नाही. तो तुमच्या टेबलाचा, भिंतीचा किंवा तुमच्याच कुर्त्याचा रंग आहे.

ठसे आणि धूळ : फोटोआधीची पाच मिनिटं

बोटाचा ठसा म्हणजे त्वचेच्या तेलाचा पातळ थर. या थरामुळे उजेड सरळ परत न येता थोडा विखुरतो. म्हणून एकाच ठशाची दोन रूपं दिसतात. वाटीच्या उजळ भागावर तो राखाडी, मळकट दिसतो, तर गडद भागावर तोच ठसा पांढुरक्या धुक्यासारखा दिसतो. हे लक्षात ठेवा, पुढे एडिटिंगमध्ये याच गोष्टीचा उपयोग आहे.

वन ग्रॅमच्या मालावर सोन्याचा थर अगदी पातळ असतो. टूथपेस्ट, चिंच, लिंबू, रांगोळी, चांदी चमकवायची पावडर यातलं काहीही वापरू नका. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, त्यांनी बारीक ओरखडे पडतात आणि ते फोटोत ठशांपेक्षा वाईट दिसतात. सॅनिटायझर किंवा स्पिरिटही नको. इमिटेशनच्या बऱ्याच मालावर वरून लॅकरचा थर दिलेला असतो, तो स्पिरिटने खराब होऊ शकतो. मोती आणि चिकटवलेले खडे असतील तर धोका आणखी.

चष्मा पुसायचं स्वच्छ मायक्रोफायबर कापड घ्या. वाटीवर हलकी वाफ सोडा, चष्म्यावर सोडतो तशी, आणि एकाच दिशेने पुसा. गोल गोल घासू नका. ठसा तेलकट असेल आणि नुसत्या वाफेने जात नसेल, तर कापडाचा एक कोपरा भांडी घासायच्या लिक्विडच्या अगदी सौम्य पाण्यात ओला करून पिळा, वाटी पुसा, मग साध्या पाण्याने ओलसर केलेल्या कोपऱ्याने पुसा, आणि लगेच कोरडी करा. पोत मात्र पाण्यात बुडवू नका. दोऱ्यात ओवलेली असेल तर दोरा पाणी धरून ठेवतो.

एकदा पुसलं की वाटीला उघडं बोट लावायचं नाही. नायट्राइलचे पातळ हातमोजे मेडिकलमध्ये मिळतात, ते घाला. सुती हातमोज्यांनी ठसे पडत नाहीत हे खरं, पण त्यांचे तंतू काळ्या मण्यांवर चिकटतात, म्हणून या कामाला मला ते आवडत नाहीत. वाट्या सरळ करायला चिमटा वापरायचा असेल तर त्याच्या टोकांना कागदी टेप गुंडाळा.

धुळीसाठी कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर घ्या. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे बारीक थेंब उडतात आणि वाळले की नवीन डाग. मण्यांच्या मधल्या फटींत अडकलेल्या कणांसाठी नवा कोरा, मऊ केसांचा रंगवायचा ब्रश चालतो. मेकअपचा वापरलेला ब्रश नको, त्यात तेल आणि पावडर दोन्ही असतात. शेवटचा ब्लोअर फोटो काढायच्या अगदी आधी मारा. पंखा बंद ठेवा, नाहीतर तुम्ही एका बाजूने धूळ उडवताय आणि पंखा ती परत आणून टाकतोय.

खाली काय अंथरता यावरही धूळ ठरते. लाल मखमल दुकानात छान दिसते, पण फोटोत ती दोनदा त्रास देते. तिच्या लवेवर प्रत्येक कण दिसतो, आणि वाटीच्या खालच्या कडेला तिचा लाल पट्टा उमटतो, त्यामुळे सोनेरी रंग तांब्यासारखा वाटतो. ॲक्रिलिकच्या शीटवर स्थिर विजेमुळे धूळ ओढली जाते. स्टेशनरीच्या दुकानातली पांढरी किंवा फिकट राखाडी मॅट कार्डशीट घ्या. मळली की नवी.

प्रतिबिंब : फोन लपवायचा कसा

वाटी फुगीर आहे, त्यामुळे तिचा कुठला तरी भाग बरोबर तुमच्या फोनकडे तोंड करून असतो. तिथे फोन दिसणारच. दिवा इकडे तिकडे हलवून तो जात नाही. उथळ वाटी असेल तर ती थोडी तिरकी ठेवून फोनचं प्रतिबिंब कडेबाहेर घालवता येतं. पण अर्ध्या चेंडूइतकी फुगीर वाटी असेल तर तिरकी करूनही ते फक्त सरकतं.

मग करायचं काय? ते लहान करायचं. साधं गणित बघा. साधारण १३ मिलिमीटर रुंदीची, अर्धगोल वाटी आहे आणि तुमचा फोन १६ सेंटिमीटर लांब आहे. फोन वाटीपासून २० सेंटिमीटरवर धरला, तर वाटीत त्याचं प्रतिबिंब सुमारे अडीच मिलिमीटर लांब पडतं. म्हणजे वाटीच्या रुंदीचा जवळपास पाचवा हिस्सा, मधोमध काळा. तोच फोन ५० सेंटिमीटर मागे नेला की प्रतिबिंब सुमारे एक मिलिमीटर होतं. म्हणून फोन जवळ नेऊन फोटो काढू नका. मागे जा, स्टँडवर लावा, कॅमेरा २x वर घ्या. लांबून फोटो घेतला की वाटीचा आकारही फुगलेला दिसत नाही, हा वरचा फायदा.

आता उरलेलं एक मिलिमीटर. पांढऱ्या कार्डशीटचा साधारण २० सेंटिमीटरचा गोल कापा, त्यात लेन्सपुरतं भोक पाडा आणि तो फोनच्या पुढे चिकटवा. आता वाटीला काळ्या फोनऐवजी पांढरा गोल दिसतो. भोकाचं प्रतिबिंब इतकं बारीक असतं की मोठं करूनही शोधावं लागतं. चौकोनी कार्डही चालेल, पण गोल वाटीत चौकोन खटकतो आणि गोल सहज मिसळून जातो. फोटो टायमरवर काढा आणि बाजूला व्हा, नाहीतर कार्डाच्या मागे तुमचं डोकं दिसेल. त्या दिवशी कपडे राखाडी किंवा काळे घाला. हसू नका, नारिंगी टी-शर्ट वाटीत बरोबर सापडतो.

खिडकीला जाळी किंवा गज असतील तर तेही वाटीत उमटतात. खिडकीवर बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर लावा, म्हणजे गज जातात आणि उजेडाचा एकच स्वच्छ पट्टा राहतो.

इथे बरेच जण आणखी पुढे जातात आणि दागिना सगळीकडून पांढऱ्या कागदाने झाकतात, किंवा ऑनलाइन मिळणारा पांढरा लाइट बॉक्स आणतात. नको ती सगळी प्रतिबिंबं जातात हे खरं. पण वाटीला चहूबाजूंनी फक्त पांढरंच दिसतं, आणि मग ती दुधाळ, सपाट दिसते. धातू चमकतो तो उजळ पट्ट्याशेजारी गडद पट्टा असल्यामुळे. गडद काही नसेल तर उजळ भाग उजळ वाटणारच नाही. म्हणून काळ्या चार्ट पेपरची तीन सेंटिमीटर रुंदीची एक पट्टी कापा आणि खिडकीच्या विरुद्ध बाजूला, वाटीपासून दहा-बारा सेंटिमीटरवर उभी करा. वाटीच्या त्या कडेला एक बारीक काळसर रेघ येईल आणि वाटी लगेच गोल, भरीव दिसायला लागेल. पट्टी थोडी पुढे-मागे करून फोनच्या स्क्रीनवरच बघा, कुठे बरं दिसतं ते.

आणखी एक. बटर पेपरमधून येणारा उजेड मऊ असतो. त्याने छान उतार येतो, पण टोकदार लखलख येत नाही. ती हवी असेल तर दुसऱ्या एखाद्या फोनचा टॉर्च एक मीटरवरून बाजूने लावा. बारीक दिव्याचा बारीक ठिपका पडतो, आणि आपण ज्याला चमक म्हणतो ती बऱ्याचदा हीच. एकच टॉर्च लावा. दोन-तीन लावले की मण्यांवर ठिपक्यांची गर्दी होते आणि ती धुळीसारखी दिसते.

फोटो घेताना वाटीवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथे लॉक होईल, मग उजेडाचा स्लायडर थोडा खाली ओढा. फोटो जरा गडद वाटला तरी चालेल. उजळ पट्ट्यात सोनेरी छटा दिसली पाहिजे. तो पूर्ण पांढरा पडला तर तिथला रंग फोटोत नोंदलाच गेला नाही, आणि कुठल्याही ॲपने तो परत आणता येत नाही. पूर्ण पांढरा असायला परवानगी फक्त टॉर्चच्या त्या टाचणीएवढ्या ठिपक्याला.

एडिटिंग : हळू, आणि मोठं करून

इतकं केल्यावर जे उरेल ते थोडंच असेल. ताईंच्या मंगळसूत्राचा फोटो आम्ही असाच पुन्हा काढला होता. त्यात मण्यांवर नऊ-दहा कण, डाव्या वाटीवर ठशाचा राहिलेला एक कोपरा, दोन्ही वाट्यांच्या मध्यभागी फिकट राखाडी ठिपका, आणि उजव्या वाटीत खालच्या बाजूला हिरवट झाक एवढंच उरलं होतं. हिरवट झाक कुठून आली? टेबलाच्या रंगातून. कार्डशीट टेबलापेक्षा लहान होती.

मण्यांवरची धूळ मोबाइलवर Snapseed च्या Healing ने काढली. यात ब्रशचा आकार बदलायचं वेगळं बटण शोधू नका. फोटो जितका मोठा कराल तितकी कमी जागा ब्रशखाली येते. म्हणून एक मणी स्क्रीनवर अंगठ्याच्या नखाएवढा दिसेपर्यंत मोठं करा आणि कणावर नुसता एक टॅप करा, बोट ओढू नका. ओढलं की ॲप शेजारच्या मण्याचा तुकडा आणून चिकटवतं. दहाच्या जागेवरच्या ठिपक्याला हात लावायचा नाही. एखाद्या मण्याचा तो ठिपका चुकून गेलाच तर लगेच मागे या, कारण पन्नास मण्यांच्या ओळीत एकच मेलेला मणी डोळ्यात बरोबर खुपतो.

वाट्यांचं काम मात्र मी मोबाइलवर करत नाही. तिथे कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये photopea.com उघडा. इन्स्टॉल करायची गरज नाही, फुकट आहे, जाहिराती दिसतात एवढंच. फोटो उघडला की आधी लेयरची कॉपी करा (Ctrl+J) आणि सगळं काम कॉपीवर करा, मूळ खाली तसंच राहू द्या.

ठशाचा कोपरा काढायला Healing का नाही? कारण वाटीवर कडेपासून मध्यापर्यंत उजेडाचा उतार असतो. Healing तो उतार पुसट करतं आणि तिथे चिखल झाल्यासारखा डाग पडतो. त्याऐवजी Clone Stamp घ्या, मऊ कडेचा ब्रश, Opacity ३० टक्के. Alt दाबून जिथून घ्यायचं तिथे क्लिक करा. कुठून घ्यायचं हे महत्त्वाचं : वाटीच्या कडेपासून तितक्याच अंतरावरची, तितक्याच उजेडाची स्वच्छ जागा. मध्यातली जागा घेऊन कडेला लावली तर उतार मोडतो. ब्रश वाटीच्या गोलाईला धरून, कमानीसारखा फिरवा.

आता मघाचं आठवा, ठशाची दोन रूपं. गडद भागात ठसा पांढुरका असतो. तिथलं क्लोनिंग झालं की त्या लेयरचा मोड Normal वरून Darken करा. म्हणजे जिथे ठशामुळे उजळपणा आला होता तेवढीच जागा बदलते, आधीपासून गडद असलेली जागा तशीच राहते. उजळ पट्ट्यातल्या मळकट भागासाठी उलट. त्याच लेयरची एक कॉपी वर घ्या, तिच्यावर क्लोन करा आणि मोड Lighten ठेवा. फक्त मळकट भाग उजळतो, आणि त्या पट्ट्यातला चमकेचा ठिपका आधीच जास्त उजळ असल्यामुळे त्याला धक्का लागत नाही. Darken च्या लेयरवर काम करताना मात्र ब्रश चमकेच्या ठिपक्यावर नेऊ नका. तिथे तो सरळ चमक खाऊन टाकतो.

मध्यभागातला राखाडी ठिपका, म्हणजे लेन्सचं भोक आणि आजूबाजूची सावली. हाही Lighten ने. पण लेयरची Opacity ६० टक्क्यांच्या आसपास ठेवा, पूर्ण घालवू नका. पूर्ण घालवला की वाटीचा मध्य सपाट होतो. हलकी सावली राहिली तर ग्राहकाला ती फोन म्हणून नाही, वाटीची गोलाई म्हणून दिसते.

हिरवट झाक हा वेगळा प्रकार आहे. तिथे उजेड बरोबर आहे, फक्त रंग चुकलाय. क्लोन करण्यात अर्थ नाही. आणि Saturation कमी करून बघितलंत तर हिरवं जाईल पण सोनं राखाडी होईल. नवा रिकामा लेयर वर घ्या, त्याचा मोड Color करा. Eyedropper ने वाटीच्या स्वच्छ भागातला, साधारण तेवढ्याच गडदपणाचा सोनेरी रंग उचला आणि मऊ ब्रशने २० ते ३० टक्क्यांवर त्या झाकेवरून फिरवा. Color मोडमध्ये खालचा उजेड-अंधार आहे तसा राहतो, फक्त रंग बदलतो. त्यामुळे चमक शाबूत राहते. तुमच्या कुर्त्याचा रंग उतरला असेल तर त्यालाही हेच औषध.

काही प्रतिबिंबं मात्र काढायची नसतात. डाव्या वाटीत उजवी वाटी दिसते, दोन्हींच्या वरच्या कडेला काळे मणी दिसतात. ती राहू द्या. ती काढली की वाट्या कुठूनतरी कापून आणून चिकटवल्यासारख्या दिसतात. ग्राहकाला कारण सांगता येत नाही, पण फोटो खोटा वाटतो.

शेवटी चमक वाढवायचा मोह होतो. Snapseed मध्ये Details मधलं Structure बघा. ते पुढे ओढलं की पहिल्या क्षणी मस्त वाटतं. पण ते उरलेली प्रत्येक धूळ आणि पॉलिशची प्रत्येक रेघ वर आणतं, आणि तुम्ही आत्ताच काढलेला ठसा अर्धा परत येतो. त्यापेक्षा Brush मधलं Dodge & Burn घ्या, +5 वर ठेवा, आणि जिथे चमक आधीपासून आहे त्याच ठिपक्यांवर एकदा फिरवा. नवीन चमक कुठेही तयार करू नका. तारेसारखी लखलख लावणारे स्टिकर तर नकोच. ते लावले की हाताने केलेलं सगळं काम वाया.

काय काढायचं नाही

धूळ, ठसा, फोन, टेबलाचा रंग हे दागिन्याचे नाहीत. ते काढायला हरकत नाही. पण पॉलिशमधला ओरखडा, झाळण केलेल्या जागेचा उंचवटा, कडीजवळ पातळ झालेलं प्लेटिंग हे दागिन्याचं आहे. ते फोटोतून काढलंत तर ग्राहकाच्या हातात ते जाणारच आहे, आणि मग "फोटोत वेगळं होतं" म्हणून माल परत येतो. जाण्या-येण्याचा खर्च बहुतेक वेळा आपल्याच गळ्यात पडतो. ओरखडा फक्त फोटोसाठी घेतलेल्या पीसवर असेल तर दुसरा पीस घ्या. सगळ्या लॉटवर असेल तर बोलणं एडिटिंगवाल्याशी नाही, माल देणाऱ्याशी करायचं. ठसा की ओरखडा अशी शंका असेल तर पुन्हा कापड. पुसून गेला तर ठसा, राहिला तर ओरखडा.

सेव्ह करायच्या आधी Photopea मध्ये वरच्या लेयरसमोरचे डोळे बंद-चालू करून मूळ आणि नवा फोटो पालटून बघा. डाग गेलेले दिसले पाहिजेत, पण वाटीचा आकार हललाय असं वाटता कामा नये. वाटी फुगली, चपटी झाली किंवा तिची कड पुसट झाली असं वाटलं तर Opacity कमी करा. मग फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा आणि दुसऱ्या, जुन्या फोनवर उघडा. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबतं, त्यात उजळ पट्ट्याचे टप्पे पडलेले दिसले तर उतार फार जास्त स्मूथ झालाय असं समजा आणि त्या लेयरची Opacity आणखी उतरवा.

ताईंच्या फोटोला एडिटिंगचे पंचवीस मिनिटं लागली होती, आणि त्यातली दहा त्या हिरवट झाकेवर गेली. पुढच्या डिझाइनच्या आधी त्यांनी फक्त मोठी कार्डशीट आणली. ते काम पंधरा मिनिटांत झालं.

तुमच्या फोटोत एखादा ठिपका धूळ आहे की चमक हे कळत नसेल, तर वाटी फिरवून घेतलेले दोन्ही फोटो कॉमेंटमध्ये टाका. एका फोटोवरून मलाही सांगता येत नाही.